दोन झरे, नऊ चौकटी: पेऑफ मॅट्रिक्सपासून नॅश समतोलापर्यंत

शेजारी शेजारी दोन झरे आहेत आणि दोन्हींचे मालक वेगळे आहेत. पाणी आपोआप वर येतं, त्यामुळे ते काढायला खर्च काहीच नाही. रोज सकाळी प्रत्येक मालकाला एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे आज किती पिंपं बाजारात पाठवायची. दोघांचं पाणी सारखंच, बाजार एकच आणि भावही एकच. बाजारात पाणी जितकं जास्त येईल तितका भाव उतरतो. दुसऱ्याने किती पिंपं पाठवली हे पहिल्याला आपली पिंपं रवाना होईपर्यंत कळत नाही, आणि दुसऱ्याचंही तेच.

ही मांडणी फ्रेंच गणितज्ञ ओगुस्तँ कूर्नो यांची, १८३८ सालची. त्या वेळी गेम थिअरी, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचा अभ्यास, हा शब्दही नव्हता. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी या शाखेचा पाया एकत्रितपणे मांडला तो १९४४ मध्ये, आणि जॉन नॅश यांनी समतोलाची, म्हणजे जिथून एकट्याने हलून कोणाचाच फायदा होत नाही अशा स्थितीची, आज वापरली जाणारी व्याख्या दिली ती १९५० मध्ये. तरीही कूर्नो यांनी झऱ्यांच्या हिशेबात ज्या उत्तरापर्यंत मजल मारली होती, ते नॅश यांच्या व्याख्येत नेमकं बसतं. म्हणून विषय शिकायला मला हेच उदाहरण आवडतं. यात कैद्यांच्या नेहमीच्या उदाहरणासारखं तुरुंग, पोलीस, कबुलीजबाब असलं काही मनात धरून बसावं लागत नाही. सगळे आकडे एका साध्या नियमातून निघतात आणि ते कुठून आले हे शेवटपर्यंत दिसत राहतं. खालचे आकडे माझे आहेत. हिशेब तोंडी करता यावा म्हणून ते लहान ठेवले आहेत.

## आकड्यांच्या आधी तीन प्रश्न

तक्ता आखायच्या आधी कागदावर तीन गोष्टी लिहून काढा. खेळाडू कोण? प्रत्येकासमोर पर्याय कोणते? आणि ठरवताना कोणाला काय माहीत असतं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दोन मालक. त्यांना मी ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ म्हणेन.

दुसऱ्या प्रश्नात निवड करावी लागते. खरं तर मालक कितीही पाणी पाठवू शकतो, पण तक्त्याला मोजके पर्याय लागतात. आपण तीन घेऊ: ३ पिंपं, ४ पिंपं किंवा ६ पिंपं. हे तीनच का, तेही सांगतो. आपला भावाचा नियम असा आहे, की एका पिंपाचा भाव म्हणजे १२ मधून बाजारात आलेली एकूण पिंपं वजा. दोन्ही झरे एकाच माणसाचे असते तर त्याने किती पाठवली असती? ५ पिंपं पाठवली तर भाव ७ आणि मिळकत ३५ नाणी. ६ पाठवली तर भाव ६ आणि मिळकत ३६. ७ पाठवली तर पुन्हा ३५. म्हणजे एकट्या मालकासाठी ६ हा उत्तम आकडा. दोघांनी तो समसमान वाटून घेतला तर प्रत्येकी ३. आणि ४ हा ‘थोडं जास्त पाठवून बघू’ असा पर्याय. म्हणजे संयम, थोडी हाव आणि पूर्ण बाजार गिळायचा प्रयत्न, हे तिन्ही तक्त्यात आले.

तिसरा प्रश्न बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि चुका सगळ्यात जास्त तिथेच होतात. इथे दोघेही एकमेकांचा निर्णय न बघता ठरवतात. ही अट बदलली तर तक्ता तोच राहूनही उत्तर पूर्ण बदलतं. ते शेवटी करून दाखवतो.

## मॅट्रिक्स भरणं

पेऑफ मॅट्रिक्स म्हणजे ‘कोणी काय केलं तर कोणाला काय मिळेल’ याचा तक्ता. पहिल्या मालकाचे पर्याय ओळींत, दुसऱ्याचे रकान्यांत. प्रत्येक चौकटीत दोन आकडे येतात. डावीकडचा नेहमी ओळीवाल्याचा, उजवीकडचा रकानेवाल्याचा. हा क्रम एकदा ठरला की कुठेही मोडायचा नाही.

एक चौकट सावकाश भरू. पहिल्याने ३ पाठवली आणि दुसऱ्याने ४. एकूण ७ पिंपं, भाव १२ वजा ७ म्हणजे ५. पहिल्याला ३ गुणिले ५ म्हणजे १५, दुसऱ्याला ४ गुणिले ५ म्हणजे २०. चौकटीत लिहायचं ‘१५, २०’. अजून एक: पहिल्याने ६, दुसऱ्याने ३. एकूण ९, भाव ३, म्हणून ‘१८, ९’. दोघांनीही ६ पाठवली तर एकूण १२, भाव शून्य, आणि दोघांच्याही हाती काहीच नाही.

सगळ्या नऊ चौकटी अशा भरल्या की तक्ता असा दिसतो:

| | दुसरा: ३ | दुसरा: ४ | दुसरा: ६ |
|---|---|---|---|
| पहिला: ३ | १८, १८ | १५, २० | ९, १८ |
| पहिला: ४ | २०, १५ | १६, १६ | ८, १२ |
| पहिला: ६ | १८, ९ | १२, ८ | ०, ० |

पुढे जाण्याआधी तक्ता तपासून घ्या, कारण इथे एक आकडा चुकला तर पुढचं सगळं तर्कशास्त्र चुकीच्या पायावर उभं राहतं. इथे दोन तपासण्या पुरतात. दोन्ही मालकांची परिस्थिती हुबेहूब सारखी आहे, म्हणून कर्णाच्या एका बाजूची चौकट उलटी केली की दुसऱ्या बाजूची मिळाली पाहिजे: ‘१५, २०’ च्या समोर ‘२०, १५’. दुसरी तपासणी बेरजेची. चौकटीतल्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे एकूण पिंपं गुणिले भाव. ३ आणि ४ च्या चौकटीत ७ गुणिले ५ म्हणजे ३५, आणि १५ अधिक २० म्हणजे ३५. जुळलं.

चौकटीत काय लिहायचं याबद्दल एक सूचना. पेऑफ म्हणजे त्या खेळाडूला खरोखर ज्याची पर्वा आहे ते. आपल्या मालकांना फक्त स्वतःच्या मिळकतीशी मतलब आहे, म्हणून नाणी पुरेशी आहेत. दुसऱ्याचं नुकसान झालेलं एखाद्याला सहन होत नसेल, तर ते दुःखही त्याच्या आकड्यात आधीच उतरलेलं असलं पाहिजे. आधी नाण्यांचा तक्ता करायचा आणि उत्तर न पटल्यावर ‘पण माणसं इतकी स्वार्थी नसतात’ म्हणायचं, हा घोळ आहे. तसं असेल तर तक्ताच वेगळा भरायचा.

## वरचढ डाव शोधताना

आता फक्त पहिल्या मालकाच्या जागी बसा आणि उजवीकडचे आकडे हाताने झाका. डॉमिनंट स्ट्रॅटेजी म्हणजे वरचढ डाव. समोरचा काहीही करो, माझ्यासाठी हाच पर्याय बाकी सगळ्यांपेक्षा चांगला, असा डाव.

तुलना कोणत्या दिशेने करायची हे नीट समजून घ्या. पहिल्या मालकाच्या हातात ओळ आहे, रकाना नाही. रकाना दुसऱ्याने निवडलेला असतो. म्हणून एक रकाना पक्का धरायचा आणि त्यात वरून खाली बघायचं. मी शिकत असताना कितीतरी दिवस ओळीत आडवं वाचायचो. ४ च्या ओळीत २० दिसले की वाटायचं, २० सगळ्यात मोठा, म्हणजे ४ वरचढ. पण २० मिळणं हे दुसऱ्याने ३ निवडण्यावर अवलंबून आहे आणि ते पहिल्याच्या हातात नाही. वाचायची दिशा चुकली तरी कधी कधी योगायोगाने बरोबर उत्तर येतं आणि चूक लक्षातही येत नाही.

तर रकान्याने जाऊ. दुसऱ्याने ३ पाठवली असतील, तर पहिल्याला १८, २० किंवा १८. उत्तम ४. दुसऱ्याने ४ पाठवली असतील, तर १५, १६ किंवा १२. उत्तम पुन्हा ४. दुसऱ्याने ६ पाठवली असतील, तर ९, ८ किंवा ०. इथे उत्तम ३.

म्हणजे ४ हा वरचढ डाव नाही. तीनपैकी दोन रकान्यांत तो जिंकतो, तिसऱ्यात अवघ्या एका नाण्याने मागे पडतो, पण वरचढपणाला बहुमत चालत नाही. सरासरीही चालत नाही. एकाही रकान्यात मागे पडला की तो डाव वरचढ म्हणता येत नाही, मग फरक कितीही लहान असो.

बरेच जण इथे थांबतात आणि म्हणतात, वरचढ डाव नाही, म्हणजे पद्धत संपली. संपत नाही. प्रश्न उलटा विचारायचा: असा एखादा डाव आहे का, जो दुसऱ्या एका डावासमोर प्रत्येक रकान्यात कमी पडतो? अशा डावाला मी ‘फिका डाव’ म्हणतो. ६ आणि ४ या ओळी शेजारी ठेवा: १८ विरुद्ध २०, १२ विरुद्ध १६, ० विरुद्ध ८. तिन्ही ठिकाणी ६ मागे. म्हणजे दुसरा काहीही करो, ६ पाठवणाऱ्याने ४ पाठवली असती तर त्याचं जास्त भलं झालं असतं. ६ ची ओळ खोडा.

६ ची तुलना ३ शी केली असती तर काय दिसलं असतं? १८ विरुद्ध १८, १२ विरुद्ध १५, ० विरुद्ध ९. दोन ठिकाणी मागे, पण पहिल्या रकान्यात बरोबरी. अशा डावाला जेमतेम फिका म्हणता येईल, पूर्ण फिका नाही. पूर्ण फिके डाव कोणत्याही क्रमाने खोडले तरी शेवटी तेच उरतं. जेमतेम फिके डाव खोडायला लागलो तर खोडण्याच्या क्रमानुसार उत्तर बदलू शकतं, आणि एखादा खराखुरा समतोलही खोडला जाऊ शकतो. म्हणून तुलनेत कुठेही बरोबरी दिसली की हात आवरायचा आणि जो डाव प्रत्येक रकान्यात पुढे आहे असा दुसरा साक्षीदार शोधायचा. आपल्याकडे ४ हा तसा साक्षीदार आहे, म्हणून ६ खोडणं निर्धोक आहे.

## दुसरी फेरी, आणि तिच्यामागचं गृहीतक

दुसऱ्या मालकाची परिस्थितीही तीच असल्याने त्याचा ६ चा रकानाही खोडला जातो. आता उरतं ते इतकंच:

| | दुसरा: ३ | दुसरा: ४ |
|---|---|---|
| पहिला: ३ | १८, १८ | १५, २० |
| पहिला: ४ | २०, १५ | १६, १६ |

पुन्हा पहिल्याच्या जागी बसून रकान्यात वरून खाली बघा. १८ विरुद्ध २०, १५ विरुद्ध १६. आता ४ दोन्हीकडे पुढे आहे. ज्या एका रकान्यामुळे ४ चा वरचढपणा हुकत होता, तो रकानाच गेला. दुसऱ्याचंही तसंच. ३ खोडला जातो आणि एकच चौकट उरते: दोघांचेही ४.

खोडाखोड यांत्रिक वाटते, पण प्रत्येक फेरीत आपण काहीतरी नवीन मानत असतो, ते डोळ्यांसमोर ठेवा. पहिल्या मालकाने स्वतःचा ६ खोडला तेव्हा त्याला फक्त स्वतःचा फायदा ओळखता येणं पुरेसं होतं. पण त्याने ३ खोडला तो ‘दुसरा ६ पाठवणारच नाही’ या भरवशावर. म्हणजे दुसऱ्याची मिळकत कशी ठरते हे त्याला माहीत आहे आणि दुसरा आपला फायदा ओळखतो हेही त्याला माहीत आहे. तक्ता मोठा असेल तर फेऱ्या वाढतात आणि हा भरवसा थरावर थर चढत जातो: मला माहीत आहे, की त्याला माहीत आहे, की मला माहीत आहे. पाच-सहा फेऱ्यांनी निघालेल्या उत्तरावर एका फेरीत निघालेल्या उत्तराइतका विश्वास मी ठेवत नाही. समोरचा चिडून किंवा चुकून ६ पाठवेल अशी खरीच शक्यता असेल, तर ३ पाठवणं मूर्खपणाचं राहत नाही.

उरलेला दोन बाय दोन तक्ता ओळखीचा वाटला असेल, कारण त्याची घडण कैद्यांच्या पेचाचीच आहे: वेगवेगळ्या ठेवलेल्या दोन कैद्यांनी गप्प राहण्यात दोघांचं भलं असतं, पण एकेकट्याला कबुली देऊन दुसऱ्याला दगा देण्यातच फायदा दिसतो. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी १९५० मध्ये रँड या संस्थेत असा खेळ मांडला आणि ॲल्बर्ट टकर यांनी त्याला कैद्यांच्या गोष्टीचं रूप दिलं. ओळखायची खूण आकड्यांच्या क्रमात आहे. एकट्याने दगा दिला तर २०, दोघांनी संयम पाळला तर १८, दोघांनी दगा दिला तर १६, आणि आपण संयम पाळून दगा खाल्ला तर १५. कुठल्याही तक्त्यात हे चार आकडे या क्रमाने उतरत असतील तर तो हाच पेच.

## समतोल: रेघा मारून शोधायचा

खोडाखोड दरवेळी शेवटाला नेईलच असं नाही. म्हणून नॅश समतोल थेट शोधायची पद्धतही हाताशी हवी. त्यासाठी पुन्हा नऊ चौकटींचा पूर्ण तक्ता घ्या आणि पेन्सिल उचला.

प्रत्येक रकान्यात पहिल्याचा सर्वांत मोठा आकडा शोधून त्याखाली रेघ मारा. ३ च्या रकान्यात २०, ४ च्या रकान्यात १६, ६ च्या रकान्यात ९. ही पहिल्याची सर्वोत्तम प्रत्युत्तरं. मग प्रत्येक ओळीत दुसऱ्याचा सर्वांत मोठा आकडा शोधा. ३ च्या ओळीत २०, ४ च्या ओळीत १६, ६ च्या ओळीत ९. बरोबरी असेल तर दोन्ही आकड्यांखाली रेघ येते. ज्या चौकटीत दोन्ही आकड्यांखाली रेघ आहे, ती समतोलाची. आपल्या तक्त्यात अशी चौकट एकच आहे, ‘१६, १६’ ची.

उत्तर लिहिताना मात्र ‘समतोल १६, १६’ असं लिहू नका. समतोल म्हणजे डावांची जोडी: पहिला ४, दुसरा ४. १६ हे त्या जोडीचं फळ. दुसऱ्या एखाद्या तक्त्यात दोन वेगळ्या चौकटींत तेच आकडे असू शकतात आणि त्यातली एकच समतोल असू शकते. मग ‘१६, १६’ म्हणून काहीच कळत नाही.

समतोलाची व्याख्या एका चाचणीत मावते. चौकटीवर बोट ठेवा आणि विचारा: दुसरा जागचा हलला नाही, तर एकट्या पहिल्याला हलून काही मिळेल का? ४, ४ वरून पहिला ३ वर गेला तर १५, ६ वर गेला तर १२. दोन्ही १६ पेक्षा कमी. दुसऱ्याचंही तसंच. म्हणून ही चौकट टिकते. आता ३, ३ वर बोट ठेवा. एकटा पहिला ४ वर सरकला तर १८ चे २० होतात. म्हणून ती टिकत नाही, मग आदल्या रात्री दोघांनी कितीही शपथा घेतलेल्या असोत. चाचणीत ‘एकट्याने’ हा शब्द कळीचा आहे. दोघे मिळून कुठे जाऊ शकतात हा प्रश्न इथे विचारलाच जात नाही.

आपण पर्याय तीनच ठेवले होते, त्यामुळे उत्तर बिघडलं का, हेही बघून घेऊ. दुसरा ४ वर असताना पहिल्याने ५ पाठवली तर एकूण ९, भाव ३, मिळकत १५. १६ पेक्षा कमीच. २ पाठवली तर भाव ६, मिळकत १२. म्हणजे यादीबाहेरचे आकडे आणले तरी ४, ४ ढळत नाही. ही तपासणी प्रत्येक तक्त्यात करावी. आपणच एखादा पर्याय यादीतून वगळला आणि त्यामुळेच समतोल टिकलेला दिसला, असं होऊ शकतं.

## १८ समोर दिसत असताना १६ का

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि पडायलाच हवा. दोघांनी ३ पाठवली तर दोघांचंही जास्त भलं आहे. मग दोन शहाणी माणसं मिळून १६ वर का येऊन बसतात? ‘लोभ’ या उत्तराने माझं कधी समाधान झालं नाही. चौथ्या पिंपाचा हिशेब मांडला की कारण स्वच्छ दिसतं.

दोघेही ३ वर आहेत, भाव ६ आहे. पहिल्याने एक पिंप वाढवलं की भाव ५ होतो. त्या नव्या पिंपाचे त्याला ५ मिळतात. त्याच्या आधीच्या ३ पिंपांवर प्रत्येकी १ असे ३ जातात. निव्वळ फायदा २. पण भाव तर दुसऱ्याच्या ३ पिंपांचाही उतरला. ते ३ नाण्यांचं नुकसान दुसऱ्याच्या अंगावर पडलं आणि पहिल्याच्या हिशेबात ते आलंच नाही. दोघांचं मिळून बघितलं तर ५ आले आणि ६ गेले. दोन्ही झरे एकाचेच असते, तर त्या मालकाने हे सहाही मोजले असते आणि चौथं पिंप झऱ्यावरच राहू दिलं असतं.

म्हणून समतोल म्हणजे ‘सगळ्यांसाठी सर्वांत चांगली चौकट’ असं कधीही वाचू नका. जिथून एकट्याला हलावंसं वाटत नाही अशी ती चौकट, इतकाच त्याचा अर्थ. दोन्ही गोष्टी कधी एकाच ठिकाणी येतात, कधी येत नाहीत. इथे येत नाहीत, आणि ज्या नुकसानाची किंमत करणाऱ्याला मोजावी लागत नाही, तेच त्याचं कारण.

हाच खेळ रोज होत असेल तर चित्र थोडं बदलतं. समजा दोघांमध्ये अलिखित समज आहे: तू ३ वर राहशील तोवर मीही ३ वर; एकदा मोडलंस की मी कायम ४ वर. मोडणाऱ्याला आज २ नाणी जास्त मिळतात, पण पुढच्या प्रत्येक दिवशी १८ ऐवजी १६ म्हणजे २ नाणी कमी. त्यामुळे खेळ आजनंतर सरासरी निदान एक दिवस तरी चालू राहील अशी अपेक्षा असेल, म्हणजे प्रत्येक दिवसानंतर उद्या येण्याची शक्यता निम्मी किंवा जास्त असेल, तर मोडण्यात फायदा नाही. पण शेवटचा दिवस दोघांना आधीच पक्का माहीत असेल तर हे सगळं कोसळतं. शेवटच्या दिवशी धाक कशाचाच नाही, म्हणून त्या दिवशी दोघे ४ वर. मग त्याच्या आदल्या दिवशीही धाक उरत नाही, आणि असं उलटं येत येत पहिल्या दिवसापर्यंत ४, ४ च.

## रेघा जुळल्याच नाहीत तर

काही तक्त्यांत एकाही चौकटीत दोन रेघा येत नाहीत. दोघांनी एकाच वेळी एक किंवा दोन बोटं दाखवायची, बेरीज सम आली तर पहिला जिंकला, विषम आली तर दुसरा, हा तसा खेळ. कुठल्याही चौकटीत हरलेल्याला हलावंसं वाटतंच. तक्ता चुकलेला नाही. इथला समतोल एका ठरावीक डावात नसून चिठ्ठी टाकून डाव निवडण्यात आहे, आणि या खेळात दोघांनीही एक आणि दोन निम्म्या-निम्म्या शक्यतेने दाखवायचे. खेळाडू आणि डाव मोजके असतील तर असा चिठ्ठीचा धरून किमान एक समतोल असतोच, हे नॅश यांनी सिद्ध केलं.

उलट कधी दोन चौकटींत दोन-दोन रेघा येतात. समोरासमोर येणाऱ्या दोन वाहनांनी दोघांनी आपापली डावी बाजू धरली तरी ठीक, दोघांनी उजवी धरली तरी ठीक. यातला कोणता समतोल प्रत्यक्षात येईल हे तक्ता सांगत नाही. तिथे प्रघात, सवय किंवा आधी झालेलं बोलणं ठरवतं, आणि आकड्यांकडून जबरदस्तीने एकच उत्तर काढायचा प्रयत्न करू नये.

## तोच तक्ता, वेगळी सकाळ

आता सुरुवातीचा तिसरा प्रश्न. समजा पहिला मालक पहाटे पिंपं रवाना करतो, आणि दुसरा ती मोजून मगच आपला आकडा ठरवतो. तक्त्यातला एकही आकडा बदललेला नाही. पण पद्धत बदलते. आता शेवटून सुरुवात करायची आणि आधी दुसऱ्याची प्रत्युत्तरं काढायची. ती आपण रेघांनी काढलेलीच आहेत. पहिल्याने ३ पाठवली तर दुसरा ४ पाठवेल आणि पहिल्याला १५ मिळतील. पहिल्याने ४ पाठवली तर दुसरा ४ पाठवेल आणि पहिल्याला १६. पहिल्याने ६ पाठवली तर दुसऱ्यासमोर ९, ८ आणि ० आहेत. तो निमूटपणे ३ पाठवेल आणि पहिल्याला १८.

म्हणजे पहिल्याचा उत्तम डाव ६! जो डाव आपण पूर्ण फिका म्हणून सगळ्यात आधी खोडला होता तोच. पहिल्यांदा हे हिशेबात निघालं तेव्हा मी तक्ताच चुकला असं समजून तो पुन्हा भरला होता. चूक कुठेच नव्हती. फिकेपणाची तुलना ‘दुसऱ्याचा रकाना पक्का धरून’ होती. आता रकाना पक्का नाही, तो पहिल्याच्या ओळीनुसार सरकतो. ६ ची ओळ निवडल्यावर पहिला ३ च्या रकान्यात जाऊन पोहोचतो आणि ४ ची निवडल्यावर ४ च्या रकान्यात. तुलना १८ विरुद्ध २० अशी राहत नाही, १८ विरुद्ध १६ अशी होते. आधी चाल करणाऱ्याचा हा हिशेब जर्मन अर्थशास्त्रज्ञ हाइनरिख फॉन श्टाकेलबर्ग यांनी १९३४ मध्ये मांडला.

आधी चाल करणं म्हणजे नुसतं आधी बोलणं नव्हे. पहिल्याने ‘मी ६ पाठवणार’ असं जाहीर केलं आणि दुसऱ्याने त्यावर विश्वास ठेवून ३ पाठवली, तर त्या क्षणी पहिल्यासाठी ६ हा उत्तम डाव राहत नाही. ३ च्या रकान्यात ६ ला १८ आणि ४ ला २०. म्हणजे गुपचूप दोन पिंपं मागे ठेवण्यातच त्याचा फायदा आहे, आणि हा हिशेब दुसऱ्यालाही येतो. पिंपं माघारी आणणं शक्य आहे हे दिसत असेल तर दुसरा त्या घोषणेकडे लक्ष देणार नाही, ४ पाठवेल, आणि दोघे पुन्हा १६ वर येतील. ६ चा फायदा पदरात पडायला दोन्ही गोष्टी लागतात: सहाही पिंपं दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी मोजलेली असावीत, आणि ती परत फिरवायची वाट पहिल्याने स्वतःसाठी बंद केलेली असावी.